पावतीवरचा आकडा आणि हातात आलेली रक्कम: मुदत ठेवीवरील व्याज आणि ३१ मार्चची करकपात

विवरणपत्रे भरण्याचा हंगाम सुरू झाला की मुदत ठेवींबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या हातात ठेवीची पावती असते, तीन वर्षांनंतर मिळणारी रक्कम तिच्यावर छापलेली असते आणि मधल्या काळात एक रुपयाही खात्यात आलेला नसतो. तरीही फॉर्म २६एएस उघडला की बँकेने व्याजावर कर कापल्याची नोंद समोर येते. ‘जे व्याज मला मिळालेच नाही, त्यावर बँकेने कर कापलाच कसा, आणि कापला तो कोणाच्या पैशातून?’ हा प्रश्न बाळबोध नाही. बँकेच्या काउंटरवर त्याला बहुधा ‘नियमच आहे तसा’ एवढेच उत्तर मिळते. नियम आहे हे खरे, पण तो समजून घेतला नाही तर विवरणपत्रात एक ठरावीक चूक होते आणि ती पुढची दोन-तीन वर्षे निस्तरावी लागते.

हा लेख संचयी ठेवीपुरता आहे. ज्या ठेवीचे व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला हातात न येता मुद्दलात मिळवले जाते आणि सगळी रक्कम मुदत संपल्यावर एकदम मिळते, ती संचयी ठेव. काही बँका तिला पुनर्गुंतवणूक ठेव असेही म्हणतात. ज्यांचे व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येते त्यांना हा गोंधळ फारसा जाणवत नाही, कारण तिथे पैसे येताना कर कापलेला डोळ्यांना दिसतो.

व्याज तयार होते कधी आणि जमा होते कधी?

रिक्षात बसल्यावर मीटर सुरू होते. पैसे आपण उतरताना देतो, पण मध्येच कुठे थांबून मीटरकडे पाहिले तर त्या क्षणापर्यंत किती भाडे झाले ते दिसते. ठेवीवरील व्याजही असेच रोज तयार होत असते. रोज तयार होणाऱ्या आणि अजून हातात न आलेल्या या व्याजाला उपार्जित व्याज म्हणतात. बँकेची संगणक प्रणाली हा हिशेब स्वतःच्या सोयीसाठी रोज किंवा महिन्याला मांडत असते.

प्राप्तिकर कायद्याने बँकेला सांगितले आहे की व्याज ठेवीदाराच्या नावे जमा होईल तेव्हा, किंवा त्याला प्रत्यक्ष दिले जाईल तेव्हा, यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी कर कापावा. अशा कपातीला मुळातून करकपात, म्हणजेच टीडीएस, म्हणतात. १९६१ च्या कायद्यात हे कलम १९४ए मध्ये आहे. आता प्रश्न असा उभा राहिला की संगणक रोज व्याज मोजतो, म्हणजे ते रोज ‘जमा’ होते असे समजायचे का? तसे समजले असते तर बँकांना रोज कर कापावा लागला असता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २ मार्च २०१० रोजी काढलेल्या परिपत्रक क्रमांक ३/२०१० ने हा घोळ मिटवला. संगणकातली रोजची किंवा महिन्याची मोजणी ही नुसती मोजणी आहे, ती ठेवीदाराच्या खात्यातली जमा नव्हे, असे त्यात स्पष्ट केले गेले. कर कापायचा तो आर्थिक वर्षाच्या अखेरीस, किंवा बँकेच्या प्रथेनुसार ठरलेल्या कालावधीच्या शेवटी, किंवा मुदत संपताना वा ठेव मोडताना, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.

म्हणून ३१ मार्च महत्त्वाचा ठरतो. ठेवीची मुदत २०२८ मध्ये संपत असली तरी दर ३१ मार्चला बँक मीटरचा आकडा टिपते, तेवढे व्याज तुमच्या ठेव खात्यात जमा दाखवते आणि त्यावर कर कापते. पैसे तुमच्या हातात नसतात, पण ते आता तुमचे झालेले असतात. बँकही तेच व्याज त्या वर्षीचा आपला खर्च म्हणून हिशेबात धरते. तिच्या वहीत जो खर्च, तो कोणाच्या तरी वहीत उत्पन्न असणारच.

कर कापला जातो तो कोणत्या पैशातून?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका शिक्षिकेने १ एप्रिल २०२५ रोजी दहा लाख रुपये तीन वर्षांसाठी संचयी ठेवीत ठेवले. त्यांचे वय ५२. दर वर्षाला ७ टक्के आणि व्याज तिमाही चक्रवाढीने, म्हणजे दर तीन महिन्यांनी १.७५ टक्के व्याज मुद्दलात मिसळत जाते. पावतीवर छापलेली अंतिम रक्कम १२,३१,४३९ रुपये.

पहिल्या वर्षाच्या चार तिमाहींचे व्याज साधारण १७,५००, १७,८०६, १८,११८ आणि १८,४३५ रुपये होते. बेरीज ७१,८५९ रुपये. पॅन दिलेला असल्यास कपातीचा दर १० टक्के आहे, म्हणून ७,१८६ रुपये कापले जातात. ३१ मार्च २०२६ रोजी या ठेवीच्या खातेउताऱ्यात दोन ओळी दिसतील. एका ओळीत व्याज जमा, तिच्याखाली टीडीएस नावे. त्यानंतर उरलेली शिल्लक १०,६४,६७३ रुपये.

इथे एक गोष्ट लक्षात येते. ठेवीदाराने वेगळे पैसे भरले नाहीत आणि बँकेनेही स्वतःच्या खिशातून काही घातले नाही. कर ठेवीतच साठत असलेल्या व्याजातून गेला. (काही बँका तो बचत खात्यातून वसूल करतात. तसे असेल तर ठेवीची रक्कम पावतीप्रमाणेच वाढते आणि कपात बचत खात्याच्या पासबुकात दिसते.) पुढच्या वर्षी व्याज १०,७१,८५९ वर मोजले जाणार होते. आता ते १०,६४,६७३ वर मोजले जाईल.

हा हिशेब सोपा राहावा म्हणून कर वर्षातून एकदाच, वर्षअखेरीस कापला असे धरले आहे. प्रत्यक्षात अनेक बँका तिमाहीलाच व्याज जमा करून त्याच वेळी कर कापतात. त्यामुळे रुपयांत थोडा फरक पडेल, पण चित्र तेच राहील.

दुसऱ्या वर्षाचे व्याज ७६,५०६ आणि कर ७,६५१. तिसऱ्या वर्षाचे व्याज ८१,४५४ आणि कर ८,१४५. तीन वर्षांनी हातात येतात १२,०६,८३७ रुपये. पावतीवरच्या आकड्यापेक्षा हे २४,६०२ रुपयांनी कमी आहेत. कापलेला एकूण कर मात्र २२,९८२ रुपयेच आहे. मग उरलेले १,६२० रुपये कुठे गेले? ते कोणी घेतले नाहीत, ते तयारच झाले नाहीत. कर म्हणून आधीच निघून गेलेल्या रकमेवर पुढे जे व्याज मिळाले असते, ते हे १,६२० रुपये.

हा फरक पाहून ठेवीदार बँकेत जाऊन भांडतो तेव्हा त्याच्या हातातली पावती खोटी नसते. पावतीवरची रक्कम करकपात गृहीत न धरता छापलेली असते. ‘टीडीएस लागू असल्यास रक्कम कमी होईल’ अशी ओळ बहुतेक पावत्यांवर असते, बारीक अक्षरांत.

कर कापला म्हणजे कर भरून झाला का?

नाही. माझ्या अनुभवात सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे. दहा टक्के हा कराचा दर नाही, तो फक्त कपातीचा दर आहे. बँकेला तुमचे एकूण उत्पन्न ठाऊक नसते. त्यामुळे ती सगळ्यांकडून सरसकट एक आगाऊ हप्ता घेऊन सरकारजमा करते. खरा कर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे ठरतो आणि तो ठरवण्याची जागा म्हणजे विवरणपत्र.

आपल्या शिक्षिकेचे पगारातले करपात्र उत्पन्न, प्रमाणित वजावट गेल्यानंतर, १४ लाख रुपये आहे आणि त्या नव्या करप्रणालीत आहेत असे समजा. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी त्या प्रणालीत १२ ते १६ लाखांच्या टप्प्याला १५ टक्के दर आहे आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे प्रत्यक्षात १५.६ टक्के. ७१,८५९ रुपयांच्या व्याजावर त्यांचा कर होतो ११,२१० रुपये. बँकेने ७,१८६ भरले आहेत. उरलेले ४,०२४ रुपये त्यांना स्वतः भरावे लागतील.

आता ती ठरावीक चूक पाहू. खातेउताऱ्यात शिल्लक ६४,६७३ रुपयांनी वाढलेली दिसते, म्हणून अनेक जण विवरणपत्रात व्याजाच्या रकान्यात ६४,६७३ लिहितात आणि टीडीएसच्या रकान्यात ७,१८६ ही लिहितात. यात उत्पन्न कमी दाखवले जाते आणि कराचे श्रेय मात्र पूर्ण घेतले जाते. या उदाहरणात कर १,१२१ रुपयांनी कमी भरला जातो. रक्कम मोठी नाही, पण विभागाच्या संगणकाला हा फरक लगेच दिसतो, कारण बँकेने त्याला ७१,८५९ हाच आकडा कळवलेला असतो. कापलेला कर हाही तुमच्या उत्पन्नाचाच भाग आहे. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो म्हणून आपण पगार कमी झाला असे म्हणत नाही. इथेही तसेच आहे. उत्पन्न नेहमी कपातीपूर्वीचे लिहायचे आणि कपात वेगळ्या रकान्यात.

दुसरी बाजूही आहे. एखाद्याचे सगळे मिळून उत्पन्न सहा लाख असेल आणि तो नव्या प्रणालीत असेल, तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्याचा कर शून्य होतो आणि कापलेले सगळे ७,१८६ रुपये त्याला परत मिळतात. पण ते आपोआप येत नाहीत. विवरणपत्र भरल्याशिवाय परतावा मिळत नाही, आणि ‘माझे उत्पन्न करपात्रच नाही, मग विवरणपत्र कशाला’ असे म्हणून दरवर्षी हे पैसे सोडून देणारी मंडळी मी पाहिली आहेत.

‘पैसे मिळतील त्या वर्षी दाखवीन’ असे चालेल का?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला कायद्यात जागाही आहे. ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरासाठी करदात्याला हिशेबाच्या दोन पद्धतींपैकी एक निवडता येते. एका पद्धतीत व्याज ज्या वर्षी तयार झाले त्या वर्षी दाखवायचे, दुसरीत ज्या वर्षी हातात आले त्या वर्षी. अट एवढीच की जी पद्धत धरली ती नेमाने चालवायची. एका वर्षी ही आणि दुसऱ्या वर्षी ती, असे सोयीने बदलता येत नाही.

तरीही दुसऱ्या पद्धतीत संचयी ठेवीचे गणित कसे बिघडते ते पाहा. शिक्षिकेची ठेव १ एप्रिल २०२८ रोजी परिपक्व होते. म्हणजे तीन वर्षांचे २,२९,८१९ रुपये व्याज एकदम त्या दिवशी सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात उत्पन्न म्हणून येईल. कर मात्र कापला गेला आहे त्याआधीच्या तीन वर्षांत. नियम ३७बीए सांगतो की कापलेल्या कराचे श्रेय ज्या वर्षी ते उत्पन्न करासाठी मोजले जाईल त्या वर्षीच मिळते, आणि उत्पन्न अनेक वर्षांत विभागले जात असेल तर श्रेयही त्याच प्रमाणात विभागले जाते. म्हणजे पहिल्या वर्षी ७,१८६ रुपयांचे श्रेय घ्यायचे नाही, ते पुढे ओढायचे. त्यासाठी आयटीआर-२ च्या टीडीएस परिशिष्टात मागील वर्षांचे न वापरलेले श्रेय, या वर्षी मागितलेले श्रेय आणि पुढे नेलेले श्रेय असे रकाने आहेत. दरवर्षी हे न चुकता भरले तरच तिसऱ्या वर्षानंतर २२,९८२ रुपये मागता येतात.

एवढे सांभाळूनही बऱ्याचदा काहीच वाचत नाही. एकाच वर्षी सव्वादोन लाखांचे व्याज अंगावर पडल्यामुळे उत्पन्न वरच्या टप्प्यात जाण्याची शक्यता असते. शिवाय बँकेने दरवर्षी व्याज कळवलेले असते आणि करदात्याने ते दाखवलेले नसते, त्यामुळे विसंगतीची विचारणा होऊ शकते. तिला ‘मी रोख पद्धत पाळतो’ असे उत्तर देता येते, पण मग आधीच्या विवरणपत्रांतही तीच पद्धत दिसायला हवी. माझे मत असे की पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक व्यक्तीने दरवर्षी व्याज दाखवून त्याच वर्षी श्रेय घेणे सोपे आणि स्वस्त पडते.

सर्वांत वाईट अवस्था मात्र या दोन्हींच्या मधली असते. व्याज दाखवायचे नाही, ‘ते तर मिळालेच नाही’ म्हणून, आणि टीडीएसचे श्रेय मात्र त्याच वर्षी घ्यायचे, ‘तो तर कापलाच आहे’ म्हणून. अशा वेळी विवरणपत्र सदोष ठरवून नोटीस येऊ शकते किंवा श्रेय नाकारले जाऊ शकते. श्रेय आणि उत्पन्न एकाच वर्षात, एकमेकांचा हात धरून आले पाहिजेत.

आधीच्या वर्षांत व्याज दाखवायचे राहून गेले असेल तर अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. मात्र तिच्यासाठी जितका उशीर तितका जास्त, २५ ते ७० टक्क्यांपर्यंत, अतिरिक्त कर भरावा लागतो आणि तिच्यातून परतावा मागता येत नाही.

तीन कागद आणि त्यांतले तीन आकडे

विवरणपत्र भरताना तीन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे बँकेचे व्याज प्रमाणपत्र, दुसरी फॉर्म २६एएस आणि तिसरी वार्षिक माहिती विवरण, जिला सगळे एआयएस म्हणतात. या तिघांतले आकडे जुळले नाहीत की माणूस गांगरतो, म्हणून प्रत्येकात काय असते ते आधी पाहू.

२६एएस मध्ये कर कापला गेलेली रक्कम, कापलेला कर आणि सरकारजमा झालेला कर असे रकाने असतात. प्रत्येक ओळीसमोर एक अक्षर असते. F दिसले तर बँकेने भरलेला कर सरकारी नोंदीशी जुळला आहे, U दिसले तर अजून जुळलेला नाही. मार्चमध्ये कापलेला कर भरायला बँकेला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते आणि त्या तिमाहीचे विवरण सादर करायला ३१ मेपर्यंत. त्यानंतर पंधरा दिवसांत, म्हणजे १५ जूनपर्यंत, तिने ठेवीदाराला फॉर्म १६ए द्यायचा असतो. म्हणून मेच्या मध्यात २६एएस उघडून ‘शेवटच्या तिमाहीचा कर दिसत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नसतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा पाहावे. तेव्हाही ओळ दिसली नाही, किंवा व्याज बरोबर असून कर शून्य दाखवला असेल, तर तो दोष बँकेच्या विवरणात असतो आणि दुरुस्तीही बँकेनेच करायची असते. एका ठेवीदाराचे प्रकरण मला आठवते. बँकेने कापलेला कर भलत्याच पॅनवर भरला होता, आणि दुरुस्तीसाठी लेखी अर्ज, पोच आणि पुन्हा अर्ज असे चार महिने गेले.

एआयएस मध्ये तेच व्याज दोनदा दिसू शकते. एकदा टीडीएसची नोंद म्हणून आणि एकदा बँकेने स्वतंत्रपणे कळवलेले व्याज म्हणून. ही बेरीज करायची नसते. एआयएस बरोबर येणाऱ्या सारांशात दुहेरी नोंद वगळून आकडा दिलेला असतो. तरी तो व्याज प्रमाणपत्राशी ताडून पाहावा, कारण दोन बँका आणि सहा ठेवी असल्या की कोणती ओळ कशाची आहे हे फक्त प्रमाणपत्रावरूनच कळते. प्रमाणपत्रात ठेवीनिहाय व्याज असते आणि कर कापला गेला नाही असे व्याजही त्यात असते. म्हणूनच व्याजाचा आकडा ठरवताना प्रमाणपत्र, आणि कराचे श्रेय ठरवताना २६एएस, हे माझे साधे सूत्र.

संयुक्त नावाच्या ठेवीत सगळी नोंद पहिल्या नावाच्या पॅनवर होते. पती-पत्नींच्या ठेवीत पैसे पत्नीचे आणि पहिले नाव पतीचे असेल तर कर पतीच्या नावे दिसतो. ठेव उघडतानाच नावांचा क्रम नीट ठरवला तर हा गुंता होत नाही.

‘पन्नास हजारांपर्यंत व्याज करमुक्त’ नाही

१ एप्रिल २०२५ पासून एका बँकेकडून वर्षभरात मिळणारे व्याज ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले तरच कर कापला जातो. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा एक लाख रुपये आहे. त्याआधी या मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि ५०,००० होत्या. ही मर्यादा कपातीची आहे, उत्पन्नाची नव्हे. ४९,००० रुपये व्याजावर बँक काहीही कापणार नाही, पण ते व्याज विवरणपत्रात दाखवून त्यावर कर भरावाच लागतो. आणि मर्यादा ओलांडली की कर संपूर्ण व्याजावर कापला जातो, फक्त वरच्या रकमेवर नाही.

एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवी विभागून ही मर्यादा चुकवता येत नाही. बँकेच्या सगळ्या शाखा एकाच संगणक प्रणालीत असतील तर व्याजाची बेरीज पॅननुसार एकत्र होते. सहकारी बँकांनाही सभासदांच्या मुदत ठेवींसाठी ही कपात २०१५ पासून लागू आहे. पतसंस्थेचे तसे नाही. छोट्या पतसंस्थेला सभासदाच्या व्याजावर कर कापावा लागत नाही, आणि आपल्याकडे यातूनच ‘पतसंस्थेचे व्याज करमुक्त’ अशी समजूत रूढ झाली आहे. कपात नाही एवढेच खरे, कर मात्र लागतोच.

ज्यांचा एकूण कर खरोखरच शून्य होणार आहे, त्यांना बँकेला स्वघोषणापत्र देऊन कपात टाळता येते. आजवर आपण ते ६० वर्षांखालील व्यक्तींसाठी फॉर्म १५जी आणि त्यावरील व्यक्तींसाठी फॉर्म १५एच म्हणून ओळखत आलो. ते दर आर्थिक वर्षी नव्याने, शक्यतो एप्रिलमध्ये द्यावे लागते. उशिरा दिले तर त्याआधी कापलेला कर बँक परत देत नाही, तो विवरणपत्रातूनच मागावा लागतो. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर कपात २० टक्क्यांनी होते.

ठेव मध्येच मोडली तर?

समजा शिक्षिकेने सप्टेंबर २०२६ च्या अखेरीस, म्हणजे दीड वर्षानंतर, ठेव मोडली. बँक आता ७ टक्के देणार नाही. प्रत्यक्ष जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लावून त्यातून दंड वजा केला जातो. तो शेवटी साडेपाच टक्के झाला असे धरू. दीड वर्षाचे एकूण व्याज होते सुमारे ८५,४०० रुपये. पण पहिल्या वर्षाच्या ३१ मार्चला ७१,८५९ रुपये आधीच जमा दाखवले गेले होते, त्यावर कर कापला गेला होता आणि ते विवरणपत्रातही दाखवून झाले होते. मग चालू वर्षाचे व्याज उरते फक्त सुमारे १३,५०० रुपये. सहा महिन्यांत सात टक्क्यांनी जे व्याज दिसत होते त्यातला बराच भाग बँक परत खेचून घेते. आधीच्या वर्षाचा कापलेला कर मात्र ती उलटा फिरवत नाही, कारण तो सरकारजमा झालेला असतो.

अशा वर्षी बँकेकडून ठेव बंद केल्याचा हिशेब लेखी घ्यावा. एकूण मिळालेले व्याज किती, पूर्वी जमा दाखवलेले किती आणि परत घेतलेले किती हे त्यात स्पष्ट दिसायला हवे. चालू वर्षाच्या एआयएस मध्ये मोडण्यापूर्वीचे जास्तीचे व्याज तसेच राहिले असेल तर तिथल्या प्रतिसादाच्या सोयीतून ‘माहिती पूर्णपणे बरोबर नाही’ असे कळवता येते, आणि त्याला आधार हाच कागद असतो.

आगाऊ कर लागेल का?

व्याज मोठे आणि टप्पा वरचा असेल तर बँकेचे दहा टक्के पुरत नाहीत आणि फरक वाढत जातो. पगारातून व बँकेकडून कापला गेलेला कर वजा केल्यानंतर वर्षाचा १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर शिल्लक राहणार असेल, तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या हप्त्यांत आगाऊ भरावा लागतो. नाही भरला तर थकलेल्या रकमेवर महिन्याला एक टक्का व्याज लागते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना यातून सूट आहे. शिक्षिकेचे शिल्लक ४,०२४ रुपये असल्याने त्यांना आगाऊ कर लागला नाही. शाळेला व्याजाची माहिती दिली असती तर तेवढा जादा कर पगारातूनच कापून घेता आला असता, आणि विवरणपत्र भरताना काहीच भरावे लागले नसते.

परिपक्वतेच्या दिवशी

ठेव न मोडता पुढे चालू राहिली असे धरून उदाहरण संपवू. १ एप्रिल २०२८ रोजी शिक्षिकेच्या बचत खात्यात १२,०६,८३७ रुपये येतील. त्या वर्षी या ठेवीचे उत्पन्न म्हणून त्यांना काहीही दाखवायचे नसेल, कारण तीनही वर्षांचे व्याज त्यांनी त्या-त्या ३१ मार्चला दाखवले आहे आणि प्रत्येक वर्षीचे श्रेयही घेतले आहे. एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असून त्यात आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष यांच्याऐवजी एकच ‘कर वर्ष’ आले आहे, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या फॉर्मवर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील. खात्यात एकदम आलेल्या बारा लाखांबद्दल कोणी विचारणा केली तर ठेवीची पावती, तीन वर्षांची व्याज प्रमाणपत्रे आणि तीन विवरणपत्रांच्या प्रती मिळून त्यांचे उत्तर तयार असेल: दहा लाख मुद्दल आणि २,२९,८१९ रुपये व्याज, त्यातून २२,९८२ रुपये कर वजा.